सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिकेवर 'प्रवर्ग'चा रकाना : लेकरांच्या गुणांवर खरंच परिणाम होतो का?

तांड्यावरची_शाळा (बीड)

नमस्कार मंडळी. केंद्रातल्या सगळ्या शाळांची मिळून आठवीची एनएमएमएसची सराव परीक्षा घ्यायची ठरलीय. उत्तरपत्रिकेचा कच्चा नमुना आलाय. सगळ्यात वर नाव, शाळा, हजेरी क्रमांक आणि त्याखाली 'प्रवर्ग' असा रकाना, जो लेकरानं स्वतःच्या हातानं भरायचा. नंतर प्रवर्गनिहाय निकाल काढायला सोपं जावं, एवढंच त्याचं कारण. आमच्याकडं निम्मी लेकरं बंजारा तांड्यावरची, काही पारधी, काही मातंग आणि बाकी गावातली. परीक्षेच्या तोंडावर जात विचारली की गुण पडतात, असं एका प्रशिक्षणात कानावर आलं होतं. यात कितपत तथ्य आहे? रकाना काढा म्हणून केंद्रप्रमुखांकडं जायचं तर हातात काहीतरी ठोस पाहिजे.

लातूर_शिकवणी

सर, शंभर टक्के खरं आहे. अमेरिकेत १९९५ सालीच सिद्ध झालंय. परीक्षेआधी वंश विचारला तर कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांचे गुण पडले, नाही विचारला तर ते गोऱ्यांच्या बरोबरीला आले. म्हणजे सगळा फरक त्या एका रकान्यानं होतो. रकाना काढा, फरक मिटतो. केंद्रप्रमुखांना एवढं एकच वाक्य सांगा.

गोदाकाठ

लातूरवाले सर, प्रयोग खरा आहे, पण त्यातून काढलेला अर्थ अर्धाच बरोबर आहे. केंद्रप्रमुखांपुढं हेच वाक्य ठेवलं आणि समोर कोणी जाणकार निघाला, तर सगळा मुद्दाच खोडून काढेल.

क्लॉड स्टील आणि जोशुआ ॲरन्सन यांचा तो अभ्यास स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांवर झाला. पदव्युत्तर प्रवेशपरीक्षेतले इंग्रजी भाषेचे मुद्दाम अवघड प्रश्न दिले होते. एका गटाला सांगितलं की यातून तुमची बौद्धिक क्षमता मोजणार, दुसऱ्याला सांगितलं की प्रश्न सोडवताना डोकं कसं चालतं ते आम्ही बघतोय. 'क्षमता मोजणार' म्हटल्यावर कृष्णवर्णीय विद्यार्थी मागे पडले. याच मालिकेतल्या शेवटच्या प्रयोगात क्षमतेचा विषयच काढला नाही, फक्त परीक्षेआधीच्या माहितीपत्रकात वंशाचा एक प्रश्न घातला. तेवढ्यानंही गुण उतरले.

मेख पुढे आहे. हे गुण मांडताना विद्यार्थ्यांचे आधीच्या प्रवेशपरीक्षेतले गुण हिशेबात धरून ते समायोजित केले होते. 'बरोबरीला आले' याचा अर्थ, आधी जेवढं अंतर होतं तेवढं वजा केल्यावर नवं अंतर पडलं नाही. आधीचं अंतर कुठं गेलं नव्हतं. २००४ मध्ये पॉल सॅकेट आणि सहकाऱ्यांनी यावर सविस्तर लिहिलं. पाठ्यपुस्तकांपासून वर्तमानपत्रांपर्यंत हाच चुकीचा अर्थ कसा पसरला, ते त्यांनी दाखवून दिलं. तेव्हा दावा एवढाच करायचा : आधीच्या अंतरावर लेबलामुळं आणखी भर पडू शकते. मूळ अंतर शाळा, घर, भाषा, हजेरी यांतून आलेलं असतं. ते रकाना काढून जात नाही.

आपल्याला अमेरिकेपेक्षा जवळचा पुरावा उत्तर प्रदेशातल्या हरदोई जिल्ह्यातला आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी तिथं सहावी-सातवीतल्या ६४२ मुलांवर प्रयोग केला, ३२१ सवर्ण आणि ३२१ दलित. एका वेळी सहा मुलं बसवायची. कागदावर भूलभुलैया छापलेला असायचा, आत शिरून बाहेर पडायची वाट पेन्सिलीनं काढायची. पंधरा-पंधरा मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि सुटलेल्या प्रत्येक कोड्याला एक रुपया. कोडं मुद्दाम असं निवडलं होतं की त्यात अक्षरओळख लागत नाही आणि शाळेत शिकवलेलं काही कामाला येत नाही.

काही सत्रांत जातीचा उल्लेखच केला नाही. तिथं दोन्ही गटांची कामगिरी जवळपास सारखी निघाली. बाकीच्या सत्रांत प्रयोग घेणाऱ्यानं सुरुवातीला प्रत्येक मुलाचं नाव, बापाचं नाव, आजोबाचं नाव, गाव आणि जात मोठ्यानं वाचली आणि बरोबर असेल तर मान हलवायला सांगितलं. बस, एवढंच. तीच कोडी, तोच रुपया, तेच वय. सवर्ण आणि दलित मुलं एकत्र बसलेली असताना दलित मुलांची सुटलेली कोडी वीस टक्क्यांच्या आसपास कमी झाली.

कन्नडची_आई

बाई गं, हे वाचून काळजात धस्स झालं. माझी मुलगी पाचवीच्या शिष्यवृत्तीला बसलीय. अर्जात जातीचा रकाना आम्ही भरलाय. आता तो रिकामा करून घ्यावा का? तिचे गुण कमी होतील का? तसं असेल तर उद्याच शाळेत जाते.

गोदाकाठ

ताई, अर्जाला अजिबात हात लावू नका. अर्ज परीक्षेच्या कितीतरी आधी भरला जातो, बहुतेक वेळा शाळाच भरते. त्यातल्या प्रवर्गावर तिचा हक्क आणि सवलत अवलंबून असते. आपण बोलतोय ते पेपर हातात पडण्याआधीच्या काही मिनिटांबद्दल, जेव्हा मूल स्वतःच्या हातानं जात लिहितं किंवा चारचौघांत ती वाचली जाते.

वाद ओळखीचा वाटेल असं एक उदाहरण देतो. २०२५ च्या जानेवारीत राज्य मंडळानं बारावीच्या प्रवेशपत्रावर जातीचा प्रवर्ग छापला होता. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली नोंद तपासता यावी, असं कारण दिलं होतं. टीका झाल्यावर ती प्रवेशपत्रं मागे घेऊन प्रवर्गाशिवाय नवी दिली. माहिती मंडळाकडं असण्यावर आक्षेप नव्हता. ती परीक्षेच्या दिवशी पोराच्या हातातल्या, पर्यवेक्षकाला दाखवायच्या कागदावर आली, हा आक्षेप होता. अर्जातला रकाना आणि पेपरवरचा रकाना यांत हाच फरक आहे.

आकडेमोड

थोडा थंड पाण्याचा शिडकावा करतो. माझा विरोध नाही, पण पुराव्याची दुसरी बाजू धाग्यावर यायला पाहिजे.

खऱ्या परीक्षेत हे तपासलं गेलंय. अमेरिकेतल्या ईटीएस या परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या स्ट्रिकर आणि वॉर्ड यांनी कॅल्क्युलसच्या खऱ्या परीक्षेत काही जणांना वंश आणि लिंग परीक्षेआधी विचारलं, काहींना परीक्षा झाल्यावर. २००४ मध्ये निष्कर्ष छापला : व्यवहारात मोजावा असा फरक नाही. चार वर्षांनी डॅनहर आणि क्रँडल यांनी तेच आकडे पुन्हा तपासले आणि प्रश्न शेवटी विचारला तर दरवर्षी ४,७६३ जास्त मुली उत्तीर्ण ठरतील असं म्हटलं. मूळ लेखकांना ते मान्य नव्हतं. लक्षात घ्या, हा ४,७६३ चा आकडा मुलींचा आहे, वंशाचा नाही. लोक तो कुठंही चिकटवतात.

शिवाय नेदरलँड्समध्ये २०१८ मध्ये दोन हजारांहून जास्त शाळकरी मुलांवर, पद्धत आधी जाहीर करून, मुलींच्या गणिताबाबत प्रयोग झाला. त्यात असा परिणाम दिसलाच नाही. जुने प्रयोग बरेचसे लहान गटांवरचे आहेत, आणि परिणाम दिसला तोच लेख छापून येतो, न दिसलेला कपाटात पडून राहतो, अशी शंका घ्यायला चांगली कारणं आहेत.

म्हणून केंद्रप्रमुखांना 'सिद्ध झालंय' म्हणू नका. 'हरदोईत मोठा परिणाम दिसला, खऱ्या परीक्षांत तो लहान किंवा संशयास्पद आहे, आणि रकाना हलवायला एक पैसाही लागत नाही' असं म्हणा. हे वाक्य कोणी खोडू शकणार नाही.

तांड्यावरची_शाळा (बीड)

दोघांचेही आभार. दोन प्रश्न. एक, आमच्या शाळेत कोण कुठल्या जातीचं हे पहिलीपासून सगळ्यांना ठाऊक आहे. मग रकान्यानं नवीन काय कळणार? दोन, आपणच करून बघावं का? आठवीत छत्तीस लेकरं आहेत. अठरा जणांना रकाना वर असलेली पत्रिका, अठरा जणांना नसलेली, आणि सरासरी काढायची.

आकडेमोड

दुसऱ्या प्रश्नाचं आधी सांगतो, कारण ते हिशेबाचं आहे.

समजा ९० गुणांच्या पेपरात तुमच्या वर्गातले गुण सरासरीच्या आजूबाजूला साधारण १० गुणांनी विखुरलेले आहेत. या १० ला एक एकक धरा. शिक्षणातल्या अशा लहानसहान बदलांचा परिणाम झालाच तर एककाच्या तीन दशांश, म्हणजे ३ गुण, इतका धरणंसुद्धा उदारपणाचं आहे. एका गटात किती मुलं लागतील याचा ठोकताळा असा : १६ ला परिणामाच्या वर्गानं भागायचं. ०.३ चा वर्ग ०.०९, म्हणून १६ भागिले ०.०९, साधारण १७८. दोन गटांचे मिळून साडेतीनशेच्या वर, आणि तीही सगळी ज्यांच्यावर परिणाम होईल असं वाटतं त्याच समाजातली.

तुमच्याकडं एका गटात अठरा. उलट हिशेब केला तर फरक नऊ गुणांच्या पुढं असेल तरच तो खात्रीनं पकडता येईल. त्याहून कमी काहीही आलं, चार गुण इकडं किंवा तिकडं, तर चिठ्ठ्या टाकून गट पाडल्यावर निव्वळ योगायोगानंही तेवढं येतं. दोन हुशार लेकरं एकाच गटात पडली की सरासरी हलते. आणि तुमचा प्रयोग 'फरक नाही' म्हणाला तर केंद्रात तोच पुरावा म्हणून वर्षानुवर्षं फिरत राहील. करू नका.

दुसरं असं की ज्यानं नुकसान होईल अशी शंका आहे ते अठरा लेकरांवर मुद्दाम करून बघायचं, त्यांच्या आईबापांना न सांगता, हे मला पटत नाही.

हंगामी_वसतिगृह (माजलगाव)

मध्येच बोलतो. तांड्यावरच्या पोरांचे गुण पडले की लगेच या रकान्याकडं बोट दाखवू नका. दिवाळी झाली की निम्मा तांडा ऊसतोडीला जातो. काही पोरं कोयत्याबरोबर कारखान्यावर, काही आमच्यासारख्या वसतिगृहात, काही आजीजवळ. ऑगस्टची चाचणी आणि जानेवारीची चाचणी यांची तुलना केली तर तांड्याचे गुण पडलेलेच दिसणार, रकाना असो वा नसो. त्यात घरात गोरमाटी आणि पेपर मराठीत. शाब्दिक गणितात नेमकं काय विचारलंय हेच लवकर कळत नाही. आधी हजेरीपट पाहा.

गोदाकाठ

वसतिगृहवाल्या दादांचा मुद्दा सोन्यासारखा आहे. अंतराची कारणं आणि लेबलाचा परिणाम यांची गल्लत झाली की शाळा आपली जबाबदारी रकान्यावर ढकलून मोकळी होते.

आता सरांचा पहिला प्रश्न, कारण तो या सगळ्यात अवघड आहे. हरदोईत एका सत्रात वेगवेगळ्या गावांतली मुलं होती, बहुतेक एकमेकांना अनोळखी. तिथं जात वाचल्यावर काहीतरी नवं उघड झालं. तुमच्या वर्गात उघड व्हायला काही उरलेलं नाही. तरीही मला वाटतं की 'सगळ्यांना ठाऊक असणं' आणि 'परीक्षा घेणाऱ्यानं ते विचारणं' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ज्याच्या हातात गुण आहेत तोच विचारतो, तेव्हा लेकराला वाटतं, तपासताना हे बघणार.

याला हरदोईतच एक धागा सापडतो. एका प्रकारात बक्षीस कोणाला द्यायचं हे चिठ्ठी काढून ठरणार होतं, माणसाच्या मर्जीचा त्यात संबंध नव्हता. तिथं जात जाहीर करूनही अंतर दिसलं नाही. संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला की, 'मला जमत नाही' या भीतीपेक्षा 'मला न्याय मिळणार नाही' हा अविश्वास जास्त काम करतो. स्टील यांचं म्हणणं वेगळं : आपल्या समाजाबद्दलचा वाईट समज आपणच खरा ठरवू, या धास्तीनं डोक्याची जागा अडते आणि अवघड प्रश्नाला ती कमी पडते. दोन्ही वेगवेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांवरचे उपायही वेगळे.

लातूर_शिकवणी

मूळ अंतराबद्दल माझी समजूत चुकीची होती, मान्य. पण एक विचारू? आमच्याकडं काही शिकवण्या समाजकल्याणच्या योजनेतल्या मुलांची वेगळी तुकडी करतात. भेदभावाचा हेतू नसतो, फीचा हिशेब सोपा पडतो म्हणून. त्या तुकडीला मग सगळे 'स्कॉलरशिप बॅच' म्हणतात. आपल्यासारख्यांतच बसल्यावर उलट दडपण कमी होत असेल ना?

गोदाकाठ

हे वाटतं सगळ्यांनाच, पण हरदोईत तसं दिसलं नाही. तिथं तिसरा प्रकारही होता : जात जाहीर करायची आणि सहाही मुलं एकाच गटातली बसवायची. त्यात दलित मुलांची कामगिरी सावरली नाही. आणि गंमत बघा, सवर्ण मुलांचीही घसरली. लेखकांनी सुचवलेलं कारण असं की आपलं वरचं स्थान आयतंच आठवून दिलं की धडपडायची गरज वाटेनाशी होते. हे कारण मला पुरतं पटलेलं नाही, ते अंदाजाच्या पातळीवरच आहे. पण वेगळं बसवणं हेसुद्धा एक लेबल असतं, एवढं त्यातून नक्की कळतं. फीचा हिशेब कार्यालयातल्या वहीत राहू द्या. तुकडीचं नाव 'क' किंवा 'सकाळची' ठेवा आणि दोन्हींकडची मुलं त्यात मिसळा.

तांड्यावरची_शाळा (बीड)

केंद्रप्रमुखांचा मुद्दा मात्र राहतोच. प्रवर्गनिहाय निकाल त्यांना वर पाठवायचाय. रकाना नसेल तर तो काढायचा कसा?

आकडेमोड

लेकराकडून घ्यायची गरजच नाही. जनरल रजिस्टरमध्ये आणि यू-डायस प्लसमध्ये प्रवर्ग आधीच आहे, आणि पोरानं घाईत लिहिलेल्यापेक्षा जास्त बरोबर आहे. आठवीतली बरीच लेकरं व्हीजेएनटी आणि ओबीसी यांत गोंधळतात, मग तुमचा प्रवर्गनिहाय निकालच चुकतो. केंद्रप्रमुखांना हे कारण पहिलं सांगा, लगेच पटेल.

एक्सेलमध्ये दोन पानं करा. Sheet1 मध्ये अ स्तंभात आसन क्रमांक, ब मध्ये गुण. Sheet2 मध्ये पहिल्या स्तंभात आसन क्रमांक, दुसऱ्यात नाव, तिसऱ्यात प्रवर्ग. मग Sheet1 च्या C2 मध्ये हे टाका आणि खाली ओढा :

```
=VLOOKUP(A2,Sheet2!A:C,3,FALSE)
```

#N/A आलं तर बहुतेक वेळा एका पानात आसन क्रमांक अंक म्हणून आणि दुसऱ्यात मजकूर म्हणून बसलेला असतो. दोन्हींकडं एकच प्रकार करून घ्या. शेवटचं FALSE विसरू नका. ते नसेल तर एक्सेल जवळपासचा क्रमांक उचलतं आणि चूक दिसतही नाही. Sheet2 केंद्राकडं पाठवू नका, फक्त प्रवर्गनिहाय बेरजा पाठवा. एखाद्या प्रवर्गात दोन-तीनच लेकरं असतील तर तो आकडा वेगळा दाखवू नका, पोरगं लगेच ओळखू येतं.

गोदाकाठ

यात माझी भर. रकाना गेला तरी परीक्षेच्या सकाळी काय बोललं जातं ते जास्त महत्त्वाचं. नेमकं पेपरच्या आधी कोणीतरी दारात येऊन म्हणतं, 'शिष्यवृत्तीचे फॉर्म राहिलेत, एससी-व्हीजेएनटीवाले उभे राहा.' हरदोईतल्या प्रयोगाच्या इतकं जवळ जाणारं आपल्या शाळांत दुसरं काही नाही. चारचौघांत, मोठ्या माणसाच्या तोंडून, आणि उभं राहून कबुली. ते काम दुसऱ्या दिवशी करा आणि नावानं एकेकाला ऑफिसात बोलावून करा.

'तांड्याचं नाव काढा रे' हे प्रेमानं म्हटलेलं वाक्यही पेपर झाल्यावर म्हणा. अपेक्षा आणि समाज यांची गाठ मारून दिली की अवघड प्रश्नाला अडकलेलं लेकरू स्वतःसाठी एकदा आणि तांड्यासाठी एकदा घाबरतं. पेपर वाटताना फक्त कामाचं बोला : प्रश्न ९०, वेळ ९० मिनिटं, अडलेला प्रश्न सोडून पुढे जा, शेवटी परत या. आणि तपासणारा आसन क्रमांकावरून तपासणार, नाव त्याला दिसणार नाही, हे त्याच वेळी सांगा. त्यासाठी नावाची पट्टी वरच्या कडेला ठेवून दुमडून स्टेपल करा, किंवा केंद्रातल्या दुसऱ्या शाळेशी पेपरांची अदलाबदल करा. सांगायचं आणि प्रत्यक्ष तसं करायचं नाही, असं झालं तर पुढच्या खेपेला कोणी विश्वास ठेवणार नाही.

हंगामी_वसतिगृह (माजलगाव)

पारधी पोरांचं काय? त्यांच्या बाबतीत रकाना लागतच नाही. आडनाव वाचलं की पर्यवेक्षक दोनदा वळून बघतो, वर्गात काही हरवलं की आधी त्यांचीच दप्तरं उघडतात. हे सगळं परीक्षेच्या सकाळीही चालतं.

गोदाकाठ

दादा, याला माझ्याकडं तयार उत्तर नाही. आडनावाचा परिणाम उत्तरपत्रिकेच्या मांडणीनं थांबत नाही. निदान हजेरी घेताना आसन क्रमांक पुकारावा, आणि पर्यवेक्षक दुसऱ्या गावचा असावा, एवढं सुचतं. पण दप्तर उघडण्याचं वर्षभर चालत असेल तर एका सकाळच्या काळजीनं किती फरक पडेल, सांगता येत नाही.

आकडेमोड

हरदोईतला परिणाम पंधरा मिनिटांच्या कोड्यांवरचा आहे. रोजच्या वर्गात तो साचत जातो की मुलं त्याला सरावतात, यावर माझं आणि गोदाकाठ यांचं एकमत नाही. मला सरावतात असं वाटतं, त्यांना साचतो असं.

तांड्यावरची_शाळा (बीड)

नमुना बदलून आजच पाठवला. वर फक्त आसन क्रमांक, नावाची पट्टी दुमडायची आणि प्रवर्ग शाळेकडून एक्सेलमध्ये. केंद्रप्रमुखांना प्रवर्ग चुकीचे भरले जातात हे कारण सांगितलं, त्यावर ते तयार झाले. पेपरांच्या अदलाबदलीला मात्र दोन शाळांची ना आहे. दुसऱ्या शाळेचे गुरुजी कडक तपासतात म्हणतात. त्यावर उत्तरसूची एकच ठेवली आणि सगळे प्रश्न बहुपर्यायी आहेत असं सांगितलं तरी ऐकेनात. कोणी हे जमवलं असेल तर कसं जमवलं ते लिहा.